बर्म्युडात पोचवायची नोटीस

कापसाचे भाव कोसळले त्या हंगामात मी यवतमाळला नवी वकील होते. राळेगाव रस्त्यावर कापसातून सरकी काढायचं जिनिंग चालवणारे एक चाचा माझे अशील होते. त्यांच्या रुईच्या गाठी मुंबई बंदरात अडकल्या होत्या. भाव उतरल्यावर परदेशी खरेदीदाराने माल घ्यायचं नाकारलं होतं. लेटरहेडवर जिनिव्हाचा पत्ता होता. सगळी बोलणी तिथूनच व्हायची, म्हणून मी लवादाची नोटीस जिनिव्हाला पाठवली.

करार पुन्हा वाचला तेव्हा लवाद मागायच्या मुदतीचे चार दिवस उरले होते. पहिल्याच पानावर खरेदीदार म्हणून लिहिलेली कंपनी बर्म्युडात नोंदलेली होती. नोटीस कुरिअरने किंवा हाती, तिच्या नोंदणीकृत पत्त्यावर, मुदतीत पोचली तरच लवाद मागता येणार होता.

मी चाचांना बोलावून घेतलं आणि चूक सांगितली. त्यांनी पहिल्या पानावरच्या पत्त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "साहेब लोक एका देशात बसते अन् कंपनी दुसऱ्याच देशात, हे कसं काय?"

मी समजावलं. कंपनी ज्या देशाच्या दफ्तरात नोंदली जाते, तिथल्या कायद्याने ती जन्मते आणि चालते. कर कमी, भागधारकांना सोयीचे नियम, असा देश पाहून तिथे नोंदवतात. पण व्यापार जाणणारी माणसं, बँका, सौदे जिनिव्हात, म्हणून कारभार तिथून.

"मंग मी माल कोणाले इकला?"

"बर्म्युडातल्या कंपनीला, चाचा."

त्याच दुपारी आम्ही नागपूरला गेलो. कुरिअरवाल्याने सहा दिवस लागतील असं सांगितलं. हाती पोचवायला तिथे ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून तरीही पाकीट दिलं. तिथूनच जिनिव्हाला फोन केला. पलीकडच्या बाईने शांतपणे सांगितलं, बर्म्युडाच्या कंपनीची नोटीस आम्ही स्वीकारू शकत नाही. मी विनवण्या केल्या. ज्या साहेबाने सौदा तोडला तो तिच्याच कार्यालयात बसत होता. बर्म्युडाचा फोन लागला तर तिथे एका वकिलाचं कार्यालय निघालं. त्या पत्त्यावर अनेक कंपन्या होत्या आणि त्यांचा एकही माणूस नव्हता. फॅक्सने पाठवू का विचारलं, तर फॅक्स करारात बसत नाही, असं तिथून उत्तर आलं. चाचा बाकड्यावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते.

पाकीट दोन दिवस उशिरा पोचलं. मुदत संपल्याचं पत्र आलं, तेही जिनिव्हाच्याच लेटरहेडवर. गाठी पडेल भावाने एका सूतगिरणीला गेल्या. दिवाळीनंतर जिनिंग बंद झालं आणि तिथल्या बाया सोयाबीनच्या कामाला लागल्या.

चाचांनी मला कधी बोल लावला नाही. एकदा भाजीबाजारात भेटले. मी मान खाली घातली, तर म्हणाले, "बेटा, सही मी केलती. पहिलं पान मीबी नाही वाचलं."

त्याने मला जराही हलकं वाटलं नाही. वाचायचं काम माझं होतं.