परीक्षणातली एक ओळ

इंदुताईंना नाटक आवडलं होतं, आणि हेच त्यांना सहन होत नव्हतं.

बरं, नाटक वाईट असतं तर सोपं होतं हो. मोशीच्या इंदुताई चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहेत. हाताखाली माणसं आहेत, पगार बरा आहे. पण त्यांची खरी ओळख कासारवाडीहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात. तिथं त्या नाटकांची परीक्षणं लिहितात. शहरातले लोक ते वाचून तिकीट काढायचं की नाही ते ठरवतात, आणि नाटकवालेही अंक हातात पडला की आधी तेच पान उघडतात.

त्या शनिवारी चिंचवडच्या नाट्यगृहात दुपारचा प्रयोग होता, ‘तिसऱ्या मजल्यावरची पाहुणी’. मुख्य भूमिका अंजलीची. ही तीच अंजली, जी एके काळी इंदुताईंबरोबर भोसरीच्या कंपनीत एकाच बाकावर बसून यंत्रावरून उतरलेले सुटे भाग तपासायची. दोघी कामगार नाट्यस्पर्धेत उतरायच्या. अभिनयाचं पहिलं बक्षीस दरवेळी इंदूला, अंजलीला उत्तेजनार्थ. मग इंदूचं लग्न झालं, घर आलं, मूल आलं, तालमी सुटल्या. अंजलीनं मात्र नोकरीच सोडली. सगळे म्हणाले, वेडी आहे, उपाशी मरेल. मेली नाही. तोंडाला रंग लावून राज्यभर हिंडली, आणि आता पोस्टरवर तिचा चेहरा केवढा मोठा!

मध्यंतरात निर्मात्याचा व्यवस्थापक इंदुताईंना चहा देता देता जवळ सरकला.

“ताई, तुम्हाला म्हणून सांगतो. पुढच्या दौऱ्याला टीव्हीवरची एक मुलगी घ्यायचा विचार चाललाय. नाव असलं की बुकिंग होतं. अंजलीबाईंचं काय छापून येतं ते बघू, मग ठरवू.”

इंदुताईंनी चहाचा घोट घेतला. खोटं कशाला बोला, त्यांना आतून गुदगुल्या झाल्या.

दुसरा अंक सुरू झाला. तिसऱ्या रांगेत बसून त्या चुका टिपायला टपल्या होत्या. चुका होत्याही. पण अंजलीची एकही नाही! मेली एवढं कशी करते, असं त्यांच्या मनात येत राहिलं.

रविवारी सकाळी त्या लिहायला बसल्या. संहितेवर लिहिलं: पहिला अंक रेंगाळतो, फोन वाजण्याची युक्ती लेखकानं तीनदा वापरली आहे, नवऱ्याच्या पात्राला पुरतं बोलूच दिलेलं नाही. दुसऱ्या अंकातले संवाद मात्र बेतलेले वाटत नाहीत, घरात बोलतात तसे आहेत. नेपथ्यावर लिहिलं: बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर अशा दोन पातळ्या केल्यानं एकीकडे बोलणं चालू असताना दुसरीकडचा अबोला प्रेक्षकाला दिसत राहतो. खिडकीतला उजेड संध्याकाळकडे कसा झुकला ते कळतही नाही. मात्र शेवटाकडे एका दिव्याची जागा चुकल्यानं सासऱ्याच्या तोंडावर सावली पडते, आणि जिथं शांतता हवी तिथं पार्श्वसंगीत उगाच लुडबुड करतं. सासऱ्याचं काम करणाऱ्या नटाचं कौतुक केलं. कथेतलं फक्त इतकंच सांगितलं की, एका सोसायटीत आठ दिवसांसाठी एक अनोळखी बाई राहायला येते.

आणि अंजली? तिच्यासाठी लिहिलं: ‘अंजली यांनी भूमिकेला न्याय दिला आहे.’

आता हे वाक्य वरून साधं दिसतं. पण कुठल्याही नाटकवाल्याला विचारा! ज्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नसतं, त्याच्या नावापुढे ते चिकटवतात. शिवी परवडली, पण हे नको.

मन्सूरभाई साप्ताहिकाचे संपादक. कचेरीत बसून त्यांनी परीक्षण दोनदा वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“इंदुताई, सासऱ्यावर परिच्छेदभर, दिव्यांवर परिच्छेदभर. आणि जिच्या नावावर नाटक चाललंय तिला एकच ओळ?”

“काय करू, भाई? तिचं सगळं काम ती पाहुणी कोण, या रहस्यावर उभं आहे. तिच्याबद्दल लिहायला गेलं की रहस्य फुटतं. वाचकाचा विरस करायचा का?” इंदुताईंनी उत्तर तयारच ठेवलं होतं. नियमावर बोट ठेवलं की कोण काय बोलणार?

“ते खरं,” मन्सूरभाई म्हणाले. “पण मग मला सांगा, मी पाहिलेलं नाही. रहस्य राहू द्या. ती करते काय?”

“दुसऱ्या अंकात चहा ओतते.”

“म्हणजे?”

“म्हणजे... अहो, असं सांगून नाही कळायचं!” इंदुताई वैतागून उठल्या. टेबलावरचे तीन पेले त्यांनी ओळीत मांडले. पाण्याचा तांब्या उचलला. पहिला पेला भरला, दुसरा भरला. तिसऱ्यावर तांब्या कलला आणि तिथंच थांबला. नजर दाराकडे गेली नाही, जायला हवी होती, पण नाटकातल्या त्या बाईनं ती ओढून धरली. खांदे तसेच. फक्त तांब्याचा हात हळूहळू खाली आला, आणि तिसरा पेला तिनं पालथा घातला, मूल झोपलंय आणि आवाज होऊ नये इतक्या अलगद.

मन्सूरभाईंनी डोळे पुसले.

“या अल्ला! ताई, तुम्ही इतकं छान करता?”

इतक्या वर्षांनी कुणी तरी म्हटलं होतं. आणि इंदुताईंना रडूच कोसळलं, कारण त्यातला एक श्वासही त्यांचा नव्हता. सगळं अंजलीचं होतं.

“माझं नाही हो हे,” त्या म्हणाल्या. “तिचं आहे. मला कधीच आलं नसतं.”

मन्सूरभाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. भला माणूस.

इंदुताईंनी ती ओळ खोडली. मग लिहिलं: ‘दुसऱ्या अंकात अंजली चहा ओतताना थांबतात. का थांबतात ते इथं सांगणार नाही, ते नाट्यगृहातच पाहावं. त्या वेळी माझ्या मागच्या रांगेत वेफर्स खाणारा माणूस पुडी हातात धरून तसाच बसून राहिला. संवाद नाही, संगीत नाही, त्या प्रेक्षकांकडे बघतही नाहीत. लेखकानं न लिहिलेलं वाक्य त्या हातानं म्हणतात. ही भूमिका दुसऱ्या कुणी केली, तर हे नाटक दुसरं होईल.’

शेवटचं वाक्य लिहिताना पेन कागदात रुतलं. मन्सूरभाईंनी एक अक्षर बदललं नाही.

अंक निघाला, आणि निर्मात्यानं तेच वाक्य उचलून जाहिरातीत टाकलं, अंजलीच्या फोटोखाली. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत इंदुताईंचा फोन वाजला.

“इंदू! अगं, दौरा मलाच मिळाला! टीव्हीवालीचा विषय संपला,” अंजली ओरडतच होती. मग तिचा आवाज खाली आला. “तो थांबलेला हात... सगळ्यांनी माझे संवाद वाखाणले, रडणं वाखाणलं. तो हात कुणालाच दिसला नव्हता. मी महिनाभर मेले त्याच्यावर. तुला कसा गं दिसला?”

कँटीनमध्ये ताटांचा खणखणाट चालला होता. बरोबरच्या बायका बघत होत्या. इंदुताईंना छान, गोड काही तरी बोलता आलं असतं.

“जळत होते तुझ्यावर,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांत तेल घालून तुझी चूक शोधत होते. सापडली नाही गं मेले.”

पलीकडून अंजलीनं विचारलं, “अजून जळतेस?”

“हो.”

“मग रविवारच्या प्रयोगाला परत ये. त्या दिव्याचं मी सांगितलंय त्यांना, पण माझं कुठं चुकतं ते तुझ्याशिवाय कुणाला दिसणार?”

इंदुताईंनी डब्याचं झाकण लावलं. “येते,” त्या म्हणाल्या. “पण पुढच्या रांगेतली जागा ठेव.”