मागच्या दाराची आठवण

जळगावच्या शोरूममध्ये नव्या गाडीची चावी गिऱ्हाइकाच्या हातात देणं हे माझं काम. हार, नारळ, फोटो झाला की मी सगळ्यांना एकच वाक्य ऐकवायचो, "मागे कोणी राहिलं तर गाडी स्वतःच सांगते." बायका खूश व्हायच्या. ते वाक्य अर्धवट आहे हे मला माहीत होतं. पण मिठाई वाटायच्या वेळी एवढं खोलात कोण शिरतं?

मे महिन्यात एक जोडपं माझ्याच हातून नेलेली गाडी घेऊन परत आलं. त्यांची तीन वर्षांची मुलगी मागच्या सीटवर दगावली होती, बंद गाडीत, उन्हात. वडील एकटेच तिला धुळ्याच्या आजोळाहून आणून इथे आजीकडे सोडणार होते. ती झोपली, आणि वडील सवयीने थेट दुकानावर गेले. गाडी वाजलीच नाही, असं ते घरी सांगत होते. मशीन बिघडलं होतं एवढं आमच्याकडून लेखी हवं होतं. त्या कागदावर त्यांचा संसार टिकणार होता.

मी मागचं दार उघडून लावलं, गाडी चालू केली, बंद केली. लगेच टिंगटिंग वाजलं, पडद्यावर 'मागची सीट तपासा' आलं. दार न उघडता पुन्हा चालू केली, बंद केली. गाडी गप्प.

"आत कोण आहे ते तिला दिसत नाही," मी म्हणालो. "निघण्याआधी मागचं दार उघडलं होतं का, एवढंच ती धरते. एकदा बंद केली की वाजते आणि विसरते. वाटेत कुठे थांबला होतात?"

वडील मागचं दार पुन्हा उघडून लावू लागले. बाईच म्हणाल्या, "एरंडोलले गॅस भरा व्हता. पावती सापडनी."

गॅस भरताना गाडी बंद करून सगळ्यांना खाली उतरावं लागतं. पोरगी झोपली आहे म्हणून वडिलांनी तिला आतच राहू दिलं होतं, मागचं दार उघडलंच नव्हतं.

"मग ती तिथेच वाजली असणार, दुकानापाशी नाही," मी म्हणालो. मला गप्प बसता आलं असतं. पण आपल्या गाडीत खोट नाही हे सिद्ध केल्याचं मला चक्क बरं वाटलं होतं. त्याची आज शिसारी येते.

बाई नवऱ्याकडे वळल्या. "पंपवर वाजनी व्हती?"

"हो. मी वळून पाहिलं होतं. झोपलेली होती." मग त्यांनी माझा हात धरला. "भाऊ, चावी देताना तुम्ही काय सांगितलं होतं, ते हिला सांगा ना."

मॅनेजर काचेआडून बघत होता. मी हात सोडवून घेतला. "पुस्तिकेत सगळं दिलेलं आहे, सर."

बाईंनी पदर डोक्यावरून नीट ओढला आणि मला विचारलं, "धुळ्याची बस कुठून मिळते?" मी रिक्षा थांबवून दिली. मुलीचे वडील मागून धावत आले, तर बाईंनी रिक्षाचं अर्धं दार आतून ओढून धरलं.