परत गेलेली मेल

आमच्या कारखान्यात खर्चाची मागणी माझ्यापर्यंत आली की मी ती मराठीतून मोठ्यानं वाचायला लावते. मागणाऱ्यानं वाचायचं, आणि ज्याला ती नको आहे त्यानं शेजारी बसून ऐकायचं. मी चौथी शिकलेली. इंग्रजी मेल मला दाखवून उपयोग नाही. पण ही पद्धत मी त्यासाठी पाडली नाही. पाठीमागं एकमेकांबद्दल सांगायला येणारे लोक मला आवडत नाहीत, म्हणून पाडली.

चितेगावला आमचा पॅकेजिंगचा कारखाना आहे. औषधांच्या, साबणाच्या, बिस्किटांच्या पुठ्ठ्याच्या डब्या आम्ही छापतो. मुलगा गिऱ्हाइकांकडं फिरतो, मी ऑफिसात बसते. डिझाइनच्या विभागाची प्रमुख पिशोरकडची पोरगी आहे, कामात पक्की आणि बोलायला तुटक. आयटी बघणारा गंगापूरचा. तो कुणालाही पहिल्यांदा ‘नाही’ म्हणतो, मग विचार करतो. दोघांचं जमत नाही, आणि जमावं असा माझा आग्रहही नाही.

त्या दिवशी सकाळी तिनं आयटीला मेल पाठवली होती. मेलबॉक्स मोठी करा आणि ड्राइव्हवरचा आमचा कोटा वाढवा. त्यानं मेलवरच नकार दिला. तिनं माझी परवानगी मागितली. दोघं समोर येऊन बसले.

“वाच,” मी म्हटलं.

तिनं मोबाइल उघडला. “विषय, डिझाइन विभागासाठी वाढीव जागेची विनंती. कारण एक, कामाचं वाढतं प्रमाण. कारण दोन, कामाच्या प्रक्रियेत सुलभता...”

“हे काय वाचतेयस? सुलभता म्हणजे काय?”

“काकू, मेलमध्ये असंच लिहितात.”

“लिहीत असतील. मला सांग, जागा कशानं भरली?”

मग ती नीट बोलायला लागली. गिऱ्हाईक डबीचं डिझाइन मेलनं मागतं. आपण जोडून पाठवतो. ते एक अक्षर बदलायला सांगतात, आपण पुन्हा अख्खी फाइल पाठवतो. शेवटी ‘ओके’ म्हणतात तेव्हाही तीच जड फाइल परत जोडलेली असते. तो ‘ओके’ पुसता येत नाही. उद्या डबी चुकली तर मंजुरी कुणी दिली हे त्याच मेलवरून ठरतं. ड्राइव्हचंही तसंच. तीन महिन्यांनी गिऱ्हाईक म्हणतं, ते आधीचं निळं बरं होतं, तेच द्या. म्हणून नापास झालेली डिझाइनंही ठेवावी लागतात.

“आता तू बोल,” मी आयटीवाल्याला म्हटलं.

“काकू, मेलबॉक्स म्हणजे बाहेरची भाड्याची जागा. मोठी पाहिजे तर वरचा प्लॅन घ्यावा लागतो, माणशी पैसे. ड्राइव्ह आपल्याच सर्व्हरवर आहे. तिथं जागा वाढवली की रात्रीचा बॅकअपही वाढतो. आत्ताच तो पहाटेपर्यंत चालतो. अजून वाढला तर सकाळची शिफ्ट येईपर्यंत संपायचा नाही. आणि यांच्या फोल्डरमधी एकच फाइल पाच जणांनी पाच ठिकाणी ठेवलीय. आधी झाडलोट करा म्हणावं.”

“झाडतोच की आम्ही! रोज सकाळी मी मेलमधलं काही काही पुसते.”

“आणि दुपारी परत फुल्ल.”

“फुल्ल झाली तर तुम्हाला काय त्रास? माझी मेलबॉक्स आहे.”

मी दोघांनाही गप्प केलं आणि तिला पुढं वाचायला सांगितलं. शेवटचं कारण तिनं घाईघाईत वाचलं, “बॉक्स भरली की मेल बाउन्स होऊ शकते.”

“बाउन्स म्हणजे?”

“म्हणजे... येत नाही.”

“न येता जाते कुठं?”

आयटीवाला म्हणाला, “पाठवणाऱ्याकडं परत जाते काकू. जागा नाही म्हणून चिठ्ठी लागून.”

“हिला कळतं का?”

“नाही. पाठवणाऱ्यालाच कळतं. त्यानं ती चिठ्ठी वाचली तर.”

पोरगी खाली बघायला लागली. “मला रोज लाल पट्टीत सूचना येते, जागा संपत आलीय म्हणून. सवय झालीय. पण परत गेलं असेल असं काही नसावं. कुणाचा फोन नाही आला.”

“बघून सांगतो,” तो म्हणाला. एवढं मात्र तो ‘नाही’ न म्हणता म्हणाला. त्यानं लॅपटॉप उघडला. मेल कुणी पाठवली, कधी आणि विषय काय, एवढं त्याला नोंदीत दिसतं. आत काय लिहिलंय ते दिसत नाही. तो वाचत गेला. जाहिराती होत्या, कागदवाल्याचं कोटेशन होतं. मग थांबला.

“मॅडम, वाळूजची औषधवाली कंपनी. काल दुपारी. विषयात ‘सुधारित’ लिहिलंय.”

ती उठूनच उभी राहिली. “गोळ्यांची डबी? ती तर आज मशीनवर चढतेय!”

त्या डबीच्या छपाईच्या प्लेटा तयार होत्या. जेवणाच्या सुट्टीनंतर छपाई सुरू होणार होती. पोरीचं तोंड उतरलं. गिऱ्हाइकाचा ‘ओके’ तिच्याकडं होता, पण तो परवाचा. त्यानंतर त्यांनी काय बदललं हे तिला माहीत नव्हतं, आणि मशीन एकदा सुरू झालं की पुठ्ठा परत कोरा होत नाही.

“आधी छपाई थांबव,” मी म्हटलं.

तिनं खाली फोन करून छपाई थांबवली. मग वाळूजला लावला. तिकडचा माणूस म्हणाला, पाठवली की मॅडम, काल. परत आलेली चिठ्ठी त्यानंही वाचली नव्हती. आमच्या खोलीतलं कुणीच त्याला हसलं नाही.

“पुन्हा पाठवा,” ती म्हणाली आणि आयटीवाल्याकडं बघितलं. “येईल का?”

“थांबा.” त्यानं काहीतरी दाबलं. “तुमची एकटीची वाढवलीय. आता येईल.”

“इतकं सोपं होतं?”

“सोपं होतं. बिल येतं त्याचं.”

मेल आली. कंपनीनं गोळ्या बनवण्याची जागा बदलली होती, म्हणून डबीवरचा परवाना क्रमांक बदलायचा होता. जुना नंबर छापला असता तर अख्खा माल रद्दीत गेला असता, आणि ते गिऱ्हाईकही.

प्लेटा नव्यानं कराव्या लागल्या. छपाई दुसऱ्या दिवशी झाली. नव्या मंजुरीची मेल आल्याशिवाय तिनं मशीनला हात लावू दिला नाही, तिकडचा माणूस फोनवर ‘हो, हो’ म्हणत असतानाही.

संध्याकाळी मी निर्णय दिला. गिऱ्हाइकांच्या मेल ज्या तिघांकडं येतात त्यांच्या मेलबॉक्स मोठ्या करायच्या, सगळ्यांच्या नाही. ड्राइव्हचा कोटा थोडा वाढवायचा, पण छापून झालेली कामं वेगळ्या डिस्कवर हलवायची, म्हणजे रोजच्या बॅकअपवर त्यांचा बोजा नको. त्या डिस्कची एक प्रत दुसरीकडं ठेवायची, असं आयटीवाला म्हणाला. ते मला सुचलं नसतं. एकच फाइल पाच ठिकाणी, हे बंद.

“आणि ती मेल नव्यानं लिही,” मी तिला म्हटलं.

“मंजूर झालंय की काकू. आता कशाला?”

“पुढच्या वर्षी हा खर्च कशाचा म्हणून कुणीतरी विचारील. तेव्हा सुलभता वाचून खर्चच बंद करतील.”

तिला ते नको होतं. खरं कारण लिहायचं म्हणजे आपली मेलबॉक्स भरून वाहत होती आणि आपण लाल पट्टीकडं बघत नव्हतो, हे सगळ्यांसमोर लिहायचं. कामाची मेल पुसता येत नाही, हे तर तिनंच मला सांगितलं होतं. मला तिची अडचण कळली. म्हणून सोडायची, असं मात्र मला वाटलं नाही. लोक कारणं मोठ्या शब्दांत लिहितात, ती बहुतेक अशीच. खोटी नसतात. त्यात स्वतःला लपायला जागा ठेवलेली असते.

आयटीवाला दारातून म्हणाला, “मॅडम, मीही लिहितो. तुमची बॉक्स भरलेली मला महिनाभर दिसत होती. परत गेलेल्या मेलची नोंद मी उघडून बघितली नाही.”

“तुम्ही कशाला?”

“एकटीचं नाव बरं दिसत नाही.”

तिनं मेल लिहिली. मला वाचून दाखवली. जागा संपली होती आणि लाल पट्टी मी बघत नव्हते, गिऱ्हाइकाची दुरुस्ती परत गेली, छपाई होता होता थांबवली. तीन ओळी, आणि खाली आयटीवाल्याची एक. मला त्यात विचारायला काही उरलं नव्हतं.