तोंडी राहिलेली सूचना

माझं नाशिकला पंचवटीत औषधांचं दुकान आहे. घरात कुणाला काही झालं की आधी मला विचारायचं आणि मग डॉक्टरांना, अशी आमच्याकडची रीत. त्या रीतीचा मला मान वाटायचा. देवळ्याच्या थोरल्या वहिनी आजारी पडल्या तेव्हाही दादाने त्यांना सरळ माझ्याकडे आणून सोडलं.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. वहिनी वाळून निम्म्या झाल्या होत्या. छातीत सारखी धडधड, आणि हाताला असा कंप की कांदे निवडताना हातातला कांदा घरंगळायचा. रक्त तपासल्यावर थायरॉईड भलतंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी कार्बिमाझोल लिहून दिलं. वहिनी बाहेर जाऊन बसल्या तशी डॉक्टरांनी मला थांबवून घेतलं.

"तुम्ही मेडिकलवाले आहात, त्यांना तुमच्या भाषेत समजावून सांगा. घसा दुखला, ताप आला किंवा तोंडात फोड आले तर गोळी तिथंच बंद करायची आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. क्वचित कुणाच्या त्या एकदम उतरतात, मग साधा जंतूसुद्धा जिवावर बेततो. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तरी कळवायचं. ते लिव्हरचं लक्षण."

मी मान डोलावली. बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं, "काय म्हणाले हो डॉक्टर एवढा वेळ?"

"काही नाही. गोळी चुकवायची नाही म्हणाले."

हे मी विसरून बोललो नाही. वहिनींना पूर्वी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं एवढ्यावरून घाबरून वहिनींनी अख्खी बाटली उकिरड्यावर फेकली होती. या गोळीचं सगळं सांगितलं तर ही बाई पहिल्या दिवशीच ती सोडणार, असं मी ठरवून टाकलं. त्यांच्या भल्यासाठीच, असंही स्वतःला समजावलं.

महिनाभरात वहिनी सुधारल्या. हात थांबला, अंगावर मांस दिसू लागलं. दादा फोनवर म्हणाला, "तुझी गोळी लय भारी आहे." मी हसून ते श्रेय घेतलं.

उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरायचे दिवस होते. एका दुपारी वहिनींचा फोन आला. आवाज घोगरा झालेला.

"भाऊजी, घसा धरलाय. थुंकी गिळवत नाय. अंगात कणकण हाय."

"कांद्याच्या फोलपटांची धूळ गेली असेल घशात."

"तसंच असंल. पण काही धाडा बरं का, कामं पडलीत."

मी अॅमॉक्सिसिलिन आणि तापाच्या गोळ्या पुडीत बांधून देवळ्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे दिल्या. त्या काळी सगळेच असं पाठवायचे. फोन ठेवण्याआधी वर बजावलंही, "थायरॉईडची गोळी सोडू नका हं."

आजवर घरातल्या कुणालाही न सांगितलेली गोष्ट ही की ते बोलत असतानाच मला डॉक्टरांचे शब्द आठवले होते. घसा आणि ताप, अगदी तेच. पण आता सांगायचं तर आधी का सांगितलं नाही हेही सांगावं लागलं असतं. डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात, असं म्हणून मी पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळलो.

रात्रभर ते मनातून गेलं नाही. सकाळी मीच फोन लावला. दादा म्हणाला, "हुडहुडी भरलीय तिला. पाणीसुद्धा पीत नाही. तोंड पांढरं झालंय आतून."

"आत्ताच्या आत्ता गाडी कर आणि नाशिकला आण. आणि ती गोळी देऊ नको."

"सकाळचीच दिलीय की. तूच म्हणालास ना सोडू नका."

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांचा चेहराच पालटला. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. वहिनींना वेगळ्या खोलीत ठेवलं, सलाईनमधून जोरदार अँटिबायोटिक सुरू केलं, पेशी वाढवायचं इंजेक्शन मागवलं. मग दादासमोरच डॉक्टरांनी मला विचारलं, "मी तुम्हाला सांगून ठेवलं होतं ना? यांना नाही सांगितलं?"

मी रिपोर्टवरचे आकडे पुन्हा वाचू लागलो.

खाटेवरून वहिनींनी डोळे उघडले. एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "सांगितलं होतं भाऊजींनी. मीच ऐकलं नाय."

दादा त्यांच्यावर वैतागला. "नेहमीचंच तुझं!" आणि मी ते तसंच राहू दिलं.

पुढचे दिवस मी मास्क लावून त्या खोलीच्या दाराशी बसायचो. रोज रक्त जायचं, रोज रिपोर्ट तसाच यायचा. मग एका सकाळी पेशी थोड्या वर सरकल्या, दुसऱ्या दिवशी आणखी. ताप उतरला. वहिनींनी पहिल्यांदा वाटीभर भाताची पेज मागितली आणि ती चमच्याने घोटघोट गिळताना मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो. ही गोळी आणि तिच्या जातीची दुसरीही त्यांना जन्मभर बंद, असं डॉक्टरांनी कागदावर ठळक लिहून दिलं. नंतर मुंबईला नेऊन, ती ग्रंथी कायमची निकामी करायला, किरणोत्सारी आयोडीन दिलं. तेव्हापासून रोज सकाळी थायरॉक्सिनची एक गोळी, बाकी बाई ठणठणीत.

त्यानंतर माझ्या दुकानातून ही गोळी तोंडी सूचनेशिवाय कुणाला गेली नाही. गिऱ्हाईक घाईत असलं तरी थांबवतो. काहीजण चिडतात.

बऱ्याच वर्षांनी वहिनींच्या मुलीला, माझ्या पुतणीला, दिवस गेले आणि तिचंही थायरॉईड तसंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी सुरुवातीच्या महिन्यांसाठी त्याच जातीची दुसरी गोळी दिली. गरोदरपणाच्या आरंभी ती बरी, पण लिव्हरवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. मायलेकी गोळ्या घ्यायला दुकानात आल्या. वहिनींनी स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "सांगा आता. मोठ्यानं सांगा."

मी सगळं सांगितलं, घशापासून डोळ्यांच्या पिवळेपणापर्यंत.

"काका, किती घाबरवता हो," पुतणी म्हणाली.

"घाबरू दे तिला," वहिनी माझ्याकडे बघत म्हणाल्या. "घाबरली म्हंजे फोन तरी करील."

आणि तिने केला. "काका, लघवी चहासारखी होतेय. खाजही सुटलीय." डॉक्टरांना कळवलं. रिपोर्ट येईपर्यंत गोळी थांबवा, म्हणाले. पुतणी रक्त देऊन घरी गेली. वहिनी आणि मी लॅबच्या बाकावर बसून राहिलो. मला तेव्हा धीर झाला.

"वहिनी, त्या दिवशी तुम्ही खोटं का बोललात? मी काही सांगितलं नव्हतं, तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "घसा किती दुखत होता माझा! खरं सांगायला लय बोलावं लागलं असतं."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. मग त्याच म्हणाल्या, "तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी गोळी सोडलीच असती, ते काय खोटं नाय. पण सोडायची का धरायची, ते मला ठरवू द्यायचं होतंत."

"चुकलंच माझं."

"हां. आता तुमच्या दादांनाही सांगा. त्यांनी मला लय वर्षं टोमणे मारलेत त्यावरून."

रिपोर्ट आला. लिव्हर ठीक होतं. उलट्यांमुळे पाणी कमी पडून लघवी गडद झाली होती, आणि खाज घामोळ्यांची निघाली. गोळी पुन्हा सुरू झाली. पुतणी ओशाळून म्हणाली, "उगीच धावपळ केली सगळ्यांची."

"पुन्हा वाटलं तर पुन्हा कर," वहिनींनी तिला सांगितलं.

दादाला सांगायचं मात्र मी आजपर्यंत टाळत आलो. म्हणून हे लिहिलं. उद्या देवळ्याला जाणार आहे. वहिनी समोर असतानाच त्याला वाचून दाखवीन.