दोनदाताईंच्या गोष्टी आणि माझं स्कोअरकार्ड

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात, लिफ्टच्या शेजारी, एक विभाग आहे. ऑपरेशनची वापरलेली हत्यारं तिथे येतात, धुतली जातात, मोजून ट्रेमध्ये बांधली जातात आणि वाफेच्या मोठ्या यंत्रातून निर्जंतुक होऊन पुन्हा वर जातात. तिथे एक बाई अठरा वर्षं काम करत होत्या. कुणीही ट्रे बांधला की त्या विचारायच्या, "दोनदा मोजलंस का?" नर्सला, वॉर्डबॉयला, एकदा तर आमच्या प्रशासकांनासुद्धा, ते नुसते पाहणीला आले होते तरी. त्यामुळे त्यांचं नाव दोनदाताई पडलं. त्यांनाही ते माहीत होतं. "बरंय की, एकदाताई तर नाही म्हणत," असं म्हणून हसायच्या.

अठरा वर्षं, आणि तीही कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी नवं पत्र. पत्राचा महिना आला की ताईंची झोप उडायची. नवरा शिवणकाम करायचा, त्याचे डोळे अधू झाले होते, मुलगी कॉलेजात. घर त्या पत्रावर चालायचं. पत्रं मीच काढायचे. मी इथे माणसं भरती करणाऱ्या खात्यात आहे, आणि स्वतःबद्दल खोटं बोलायची सवय मला आहे, तेव्हा इथे जरा खरं सांगते.

आमच्याकडे मुलाखती कशा व्हायच्या, ते विचारू नका. आमचे मोठे सर्जन उमेदवाराला विचारायचे, "वडील काय करतात?" मेट्रन कुणाच्या केसांवरून मत बनवायच्या. प्रशासक मधेच फोनवर बोलायचे आणि शेवटी म्हणायचे, "मला तो दुसरा मुलगा बरा वाटला." का बरा वाटला? वाटला. झालं. एकाला पाच प्रश्न, दुसऱ्याला एकच, तिसऱ्याशी क्रिकेटच्या गप्पा. मला त्या तिघांचा इतका संताप यायचा की चहाचा कप आपटून ठेवायचे. पण कप आपटून काय होतं?

म्हणून मी स्कोअरकार्ड करायला घेतलं. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. तेच पाच निकष. प्रत्येक निकषाला एक ते पाच गुण, आणि एकचा अर्थ काय, तीनचा काय, पाचचा काय, हे कागदावर शब्दांत लिहिलेलं, म्हणजे मेट्रनचा चार आणि सर्जनचा चार सारखाच राहील. उमेदवार काय म्हणाला ते प्रत्येकाने लिहून घ्यायचं. उमेदवार बाहेर गेल्यावर आपापसांत एक शब्द न बोलता आपापले गुण भरायचे, आणि मगच चर्चा. गुण द्यायचे ते खोलीत ऐकलेल्यावर, बाहेर ऐकलेल्यावर नाही.

आता पाच गुणांचं उत्तर कसं असतं, ते मला काय ठाऊक? मी हत्यार कधी हातात धरलेलं नाही. ते कामाच्या माणसांना विचारायचं असतं. मी तळघरात गेले आणि ताईंना विचारलं, "चांगलं काम कशाला म्हणायचं, घडलेल्या गोष्टीवरून सांगा."

ताई बोलायला लागल्या आणि मी लिहीतच राहिले. एकदा ट्रेमधल्या तपासणीच्या पट्टीचा रंग बदललाच नव्हता, म्हणजे वाफ आतवर पोचलीच नव्हती. वर पेशंट टेबलावर, डॉक्टर फोनवर ओरडतायत. ताईंनी ट्रे अडवला, कारण सांगितलं, दुसरा तयार ट्रे वर पाठवला, यंत्राच्या त्या फेरीतलं सगळं सामान बाजूला काढलं आणि वहीत नोंद केली. "ते डॉक्टर कोण?" मी विचारलं. ताईंनी आवाज खाली आणला. "आपले मोठे सर्जनच. पण लिहू नका हं, मॅडम." अशा पाच गोष्टी त्यांनी सांगितल्या. एक त्यांच्या स्वतःच्या चुकीची होती, मोजणी चुकली तेव्हाची, ती सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

नियम असा की अशा गोष्टी बऱ्याच जणांकडून गोळा करायच्या, एकत्र घुसळायच्या, आणि कुणाचीही गोष्ट ओळखू येणार नाही अशा शब्दांत मांडायच्या. मला हा नियम पाठ होता. पण बाकीच्यांकडे गेले तर कुणी म्हणे वेळ नाही, कुणी म्हणे सगळं ठीक चाललंय. आणि ताई बोलल्या होत्या इतकं नेमकं. मी आळस केला. त्यांच्या गोष्टी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत पाचच्या रकान्यात उतरवल्या. 'ट्रे अडवतो, कारण सांगतो, तयार पर्याय वर पाठवतो, फेरीतलं सामान बाजूला काढतो, नोंद करतो.' पहिल्याच बैठकीत कागद मंजूर झाला. प्रशासकांनी पाठ थोपटली. मी आठवडाभर तरंगत होते.

महिन्याभरात त्या विभागाच्या पर्यवेक्षकांनी मुलीकडे परदेशी जायचं ठरवून राजीनामा दिला. जागा कायमची. डिप्लोमा हवा होता, ताईंकडे नव्हता. तेव्हा मीच भांडले. डिप्लोमा किंवा पंधरा वर्षांचा अनुभव, असं करून घेतलं. पंचेचाळिशीची अट होती आणि ताई चव्वेचाळीस पूर्ण केलेल्या. म्हणजे ही एकच संधी. मी स्वतः जाऊन सांगितलं, "ताई, अर्ज भरा." त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मला त्याच दिवशी प्रशासकांकडे जायला हवं होतं. या जागेसाठी प्रश्न आणि रकाने नव्याने करायला हवेत, कारण यातल्या गोष्टी एका उमेदवाराच्याच आहेत, एवढंच सांगायचं होतं. पण त्याचा अर्थ, मी नियम मोडून कागद केला. पाठ थोपटलेली ताजी होती. मनाला समजावलं, उलट बरंच आहे की, बाईंना पूर्ण गुण मिळतील. नालायकपणा करताना माणसाला कारणं किती भराभर सुचतात!

मुलाखतीच्या दिवशी ताई इस्त्रीची साडी नेसून आल्या. बाहेर बाकावर मला म्हणाल्या, "मुलीने घरी माझी मुलाखत घेतली. दहापैकी चार दिले. म्हणाली, आई, तू फार हळू बोलतेस." मी हसले.

आत सर्जन, मेट्रन, प्रशासक, आणि कोपऱ्यात मी. पहिला प्रश्न मेट्रननी वाचला, "दबाव असताना तुम्ही एखादी गोष्ट अडवून धरली, असा प्रसंग सांगा." ताईंनी पट्टीची गोष्ट सांगितली. सर्जनचं नाव घेतलं नाही, "एक डॉक्टर" म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे बघितलंही नाही. मी मेट्रनकडे बघत होते. त्यांचं बोट रकान्यावरून शब्दाशब्दाला सरकत होतं. दुसऱ्या प्रश्नाला भुवई वर गेली. तिसऱ्याला त्यांनी कागद सर्जनपुढे सरकवला. हे नियमात बसत नव्हतं आणि मी ते थांबवायला हवं होतं.

ताई बाहेर गेल्या. तिघांनी मुकाट्याने गुण भरले. सगळीकडे पाच. मग सर्जन पेन ठेवून हसले. "बाई पेपर पाठ करून आलीय."

"शब्द न् शब्द," मेट्रन म्हणाल्या. "मलाही आधी खरंच वाटलं होतं."

"आणि ती पट्टीची गोष्ट," सर्जन म्हणाले, "असं काही आमच्या थिएटरला घडलेलं मला तरी आठवत नाही." ते कागदाकडे बघूनच बोलले. त्यांना आठवत होतं की नव्हतं, ते त्यांचं त्यांना माहीत. वहीत नोंद होती, तारखेसकट. मी ती पाहिली होती.

प्रशासक माझ्याकडे वळले. "हा कागद तुमच्या कपाटात असतो ना? त्या बाईच्या हातात कसा गेला?"

एका वाक्याचं काम होतं. कागद ताईंकडे गेला नाही, ताईच कागदात आल्या आहेत. पण सांगितलं तर कागद रद्द, माझ्या सगळ्या कामावर बोट, आणि माझी बढती पुढच्याच महिन्यात.

"चौकशी करते, सर," मी म्हणाले.

"चौकशी कसली? नियम काय सांगतो तुमचा?"

कागदाच्या तळाशी मीच लिहिलेलं होतं, प्रश्नावली आधी मिळाल्याचा संशय असेल तर उमेदवाराचे गुण धरू नयेत. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आवाज अजिबात कापला नाही, याची मला अजून लाज वाटते.

जागा एका डिप्लोमावाल्या तरुणाला मिळाली. तीन, चार, तीन, तीन, चार. मुलगा वाईट नाही. फक्त त्याला ट्रे बांधायला कुणी शिकवायचं, हा प्रश्न आला, तेव्हा प्रशासक सहज म्हणाले, "दोनदाताई आहेत की. कंत्राट संपेपर्यंत शिकवतील." संपेपर्यंत, म्हणजे पुढचं पत्र निघणार नव्हतं. ताईंच्या फाइलवर पेपर फोडल्याचा शेरा पडला होता. शेरा मीच टाइप केला.

सहा आठवडे ताईंनी त्या मुलाला शिकवलं. एकही गोष्ट हातची राखली नाही. शेवटच्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. मी समोर फाइल उघडली, उगाचच. वाटलं, आता या बोलतील, आणि त्यांनी बोलावंच. चार लोकांत माझी लाज काढावी, मला चालेल. खरंच चाललं असतं.

त्या उभ्याच राहिल्या. "मॅडम, मेट्रनबाईंनी सांगितलं मला. मी पेपर चोरला असं म्हणतात. मुलीला कसं सांगू, तेच कळत नाही." मग अगदी हळू विचारलं, "त्या गोष्टी तुम्हीच माझ्याकडून लिहून घेतल्या होत्या. ते तुम्ही त्यांना सांगितलंत ना?"

"सांगितलं, ताई," मी म्हणाले. "खूप सांगितलं. ऐकलंच नाही कुणी."

ताईंनी डोळे पुसले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"मग झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकट्या तरी माझ्या बाजूने बोललात. मुलीला तेवढं सांगते." आणि वाकून माझ्या पायांना हात लावायला गेल्या, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी बाई. मी त्यांना खांद्याला धरून वर उचललं आणि म्हणाले, "असू द्या हो, ताई, असू द्या."