पेट्रोलच्या पावतीवरचा गाडी क्रमांक

धरणगावच्या मयुरीला हक्काचे मागतानाही अवघडल्यासारखे होई. किराणा दुकानदाराने सुटे पैसे परत द्यायचे राहिले, तरी ती काउंटरपाशी नुसती उभी राहायची. म्हणूनच जळगावातील रोपांच्या कंपनीला पहिली मेल लिहायला तिला अख्खी संध्याकाळ लागली. ‘दोन महिन्यांचे विद्यावेतन व प्रवासखर्च अद्याप जमा झालेला नाही. माझ्याकडून काही कागद राहिला असल्यास कृपया कळवावे,’ एवढेच तिने लिहिले. उत्तर आले नाही. दुसऱ्या मेलचेही आले नाही.

कृषी पदवीच्या शेवटच्या सत्रात ती या कंपनीत प्रशिक्षणार्थी होती. भडगाव भागातील शेतांत जाऊन ऊतिसंवर्धित, म्हणजे टिश्यू कल्चरच्या केळीची वाढ मोजायची आणि अहवाल द्यायचा, हे तिचे काम. घरून वडिलांचा निरोप एकच होता: पैसे देत नसतील तर सोड आणि घरी ये. प्रशिक्षण अर्धवट सुटले तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राविना पदवी अडणार होती.

अखेर ती लेखा विभागात गेली. तेथील समाधान भाऊंनी मान वर न करता सांगितले, “विद्यावेतन आणि प्रवास एकाच व्हाउचरवर असतात. वर किरण सरांची सही नाही. मी काय घरून देऊ?”

क्षेत्र व्यवस्थापक किरण सर जणू तिचीच वाट पाहत होते. त्यांनी पेट्रोलच्या पावत्या टेबलावर पसरल्या.

“ही गाडी कोणाची?”

“तोताराम नानांची, सर. त्यांच्याच शेतात आपला प्लॉट आहे. बस फाट्यापर्यंतच जाते. पुढे नाना न्यायचे, म्हणून मी पेट्रोल भरून द्यायचे. अर्जात वाहन क्रमांकाचा रकाना आहे, त्यामुळे पंपावर तो मुद्दाम टाकून घेतला.”

“म्हणजे कंपनीच्या खर्चाने तू शेतकऱ्यांच्या गाड्यांवर फिरतेस.”

शेजारच्या टेबलावरचा भूषण हसला. “सर, नाना हौशी माणूस आहे.”

“एसटीचे तिकीट किंवा स्वतःची गाडी, एवढेच नियमात बसते,” किरण सर म्हणाले. “असे कर, हा प्रवास खाजगी होता म्हणून लिहून दे. आज सही करतो, दोन्ही महिने जमा.”

मयुरीने कागद ओढून घेतला. पेन टेकवले. वडील, प्रमाणपत्र, खोलीचे भाडे, सारे त्या एका ओळीने सुटणार होते. परंतु ती ओळ लिहिली की केळीतली तिची प्रत्येक फेरी खाजगी ठरणार होती, आणि भूषणचे हसणे खरे.

तिने पेन खाली ठेवले. “सर, प्रवासखर्च नियमात बसत नसेल तर नामंजूर करा, पण तसे लेखी कळवा. विद्यावेतनाचा त्याच्याशी संबंध नाही. ते वेगळ्या व्हाउचरवर काढावे, ही विनंती.”

“आवाज फार वाढलाय तुझा.”

तिचा आवाज तसूभरही वाढला नव्हता. हीच विनंती तिने त्याच दुपारी मेलने पाठवली आणि महाविद्यालयाच्या प्रशिक्षण समन्वयक सारिका मॅडमना प्रत दिली.

त्या आठवड्यात विद्यावेतन जमा झाले. प्रवासखर्चाचे उत्तर एका वाक्याचे होते: खाजगी व्यक्तीच्या वाहनाचा खर्च देय नाही, यापुढे अशा वाहनाने प्रवास करू नये. मागोमाग किरण सरांचा फोन आला. “कॉलेजला प्रत लावतेस ना? आता नियमानेच चाल. उद्याचा नानांचा प्लॉट चुकला, तर शेरा मी लिहीन.”

दुसऱ्या दिवशी ती फाट्यावर उतरली. तोताराम नाना नेहमीप्रमाणे गाडी घेऊन उभे होते.

“बस बेटा.”

“नाही नाना, मी पायी येते.”

नानांना वाटले, थट्टा आहे. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. “काय व्हयनं? कोनी काही बोलनं का?”

तिने कंपनीचा नियम सांगितला. भूषणचे वाक्य मात्र सांगणे तिला जमले नाही, आणि त्याशिवाय नियम पोकळच वाटत होता.

“तुन्हा साहेबले काय करनं शे? मी पैसा मांगस का?” नाना थोडे थांबले. “का आते मन्ही गाडीवर बसाले तुले लाज वाटस?”

मयुरीने पिशवी खांद्यावर चढवली. नानांनी गाडीला किक मारली आणि मागे न बघता ते निघून गेले. ती धुळीतून चालत शेतात पोहोचली तेव्हा नाना बांधावर बसले होते. त्यांनी तिच्यासाठी नेहमीसारखे पाणी काढले नाही. तिने टेप काढली, पहिल्या झाडाच्या बुंध्याला गुंडाळली आणि आकडा लिहून घेतला.