चढाखाली पडणारी चेन

दुकानात शिरल्याशिरल्या मला वाटलं, हा माणूस आपल्याला गंडवणार. लेकीला आठवीपासून शाळेत सायकलने जायचं होतं. आम्ही बावधनला राहतो. सोसायटीतून निघालं की थोडा सपाट रस्ता, मग एक दमछाक करणारा चढ आणि चढ संपला की शाळा. मी म्हटलं, साधी, बिनगिअरची दाखवा. तो हसला.

"मॅडम, चढ आहे म्हणता ना? मग गिअरवाली घ्या. बिनगिअरची हलकी असते, तिची कटकटही कमी. पण चढ लागला की पाय हलका करायची सोय नाही, सगळा जोर मांड्यांवर. रोजच्या चढाला पोरं वैतागतात."

महागातली वस्तू विकणारा माणूस दुसरं काय बोलणार! मी त्याला ऐकवलं, "माझं अख्खं कॉलेज बिनगिअरच्या लेडीज सायकलवर झालंय. नारायण पेठेत वाढलेय मी."

"नारायण पेठेत चढ कुठला गं?" शेजारून आमचे हे म्हणाले. "फार फार तर लकडी पूल."

दुकानदारासमोर बायकोची जिरवायची संधी हा मनुष्य सोडत नाही. तारुण्यापासून मोटरसायकल चालवतात, त्यामुळे गिअर म्हटलं की आपण गुरू आणि बाकीचे ढ. शेवटी गिअरवालीच आली. पुढे तीन चक्रं, मागे सात. मी एकच अट घातली: महिनाभर बघू, जमलं नाही तर परत व्हॅन. व्हॅन म्हटल्यावर लेकीचा चेहरा पडला. त्या व्हॅनमध्ये ती सगळ्यात मोठी, मांडीवर दोन दप्तरं आणि एखादं ओकणारं पोर. सहा वर्षं तिने ते सोसलं होतं.

रविवारी बापाने पार्किंगमध्ये शिकवणी घेतली. मी गॅलरीतून नुसते हातवारे बघितले. वर आल्यावर दोघंही खूश होते.

आठवडाभरात माझं डोकं फिरायला लागलं. लेक आधीपेक्षा लवकर निघायची आणि तरी वर्गशिक्षिकेचा मेसेज आला, मुलगी उशिरा येते. विचारलं तर म्हणे, सिग्नल लागतो. आमच्या रस्त्यावर सिग्नल आहे कुठे? नखं काळी दिसली तर म्हणे, चित्रकलेचा तास होता. वेळापत्रक मीच फ्रिजवर चिकटवलंय, त्या दिवशी चित्रकला नव्हती! सायकल कशी आहे विचारलं की "मस्त", आणि लगेच खोलीचं दार बंद. आईला कळत नाही असं या पोरांना का वाटतं कोण जाणे.

वाटेत एक सँडविचची गाडी आहे, तिथे मोठी पोरं उभी असतात. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला मांजरसुद्धा दूध पिताना कट करतंय असं वाटतं." म्हटलं, वाटू दे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं आणि स्कूटरवरून तिच्या मागे निघाले. भरपूर अंतर ठेवून. सपाट रस्त्यावर छान चालली होती. सँडविचवाल्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. चढ सुरू झाला तिथे मात्र तिने पॅडल मारणं थांबवलं, एक पाय जमिनीला टेकवला आणि दोन्ही हातांनी गिअरची बटणं दाबली. मग सीटवरून उठून पॅडलवर पाय दाबला. खडखड असा आवाज माझ्यापर्यंत आला आणि चेन पडली.

मी एका टपरीआड थांबले. माझी पोरगी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली. दप्तरातून कळकट फडकं काढलं, मागच्या चाकाजवळचा दांडा पुढे ढकलून चेन सैल केली, दात्यांवर चढवली, पॅडल हाताने फिरवलं. इतक्या सराईतपणे, की हे रोजचंच होतं हे मला कळून चुकलं. मग ती सायकल ढकलत चढ चढली. तिच्याच वर्गातली एक मुलगी बिनगिअरच्या सायकलवर उभी राहून जोर मारत अर्ध्यापर्यंत गेली आणि तीही उतरली, पण आमच्या लेकीच्या बरीच पुढे. माझा जीव तुटला आणि त्याच वेळी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला होता!

संध्याकाळी मी रोज चेन पडते एवढंच सांगितलं, तर यांचा निकाल तयारच होता. "बदलून बिनगिअरची आणू, नाहीतर व्हॅन. हिला गिअर झेपत नाहीत."

"व्हॅन नको," लेक म्हणाली आणि रडायलाच लागली. "म्हणून तर सांगितलं नव्हतं."

दुकानात भांडायला जायचं तर पुरावा हवा. मी सायकल खाली नेली आणि स्वतः बसले. यापूर्वी गिअरच्या सायकलला हात लावला नव्हता, त्यामुळे जुन्या सवयीने पॅडल मारता मारताच बटण दाबलं. टक्. पाय हलका झाला. पुन्हा दाबलं, आणखी हलका. बेसमेंटच्या उतारावरून खाली गेले आणि चढाला लागायच्या आधीच गिअर हलका करून वर आले. धाप लागली, पण आले. चेन जागच्या जागी. मग दोष कुठाय? माझा तर विश्वासच बसेना.

लेकीला खाली बोलावलं. "बाबांनी काय शिकवलं ते करून दाखव. जसंच्या तसं."

"चढ आला की थांबायचं. पाय थांबवायचे, पहिल्या गिअरला आणायचं, मग जोर द्यायचा."

तिने तसं केलं. खडखड, आणि चेन पुढच्या लहान चक्राच्या आत पडली.

अरे देवा! मोटरसायकलचा धडा! ॲक्सिलरेटर सोडा, क्लच दाबा, गिअर टाका, मग रेस करा. पण सायकलला क्लच आहे कुठे? इथे चेन फिरत असेल तरच ती या चक्रावरून त्या चक्रावर सरकते. थांबून बटणं दाबली तर काहीच हलत नाही, आणि मग सगळा भार एकदम पडला की बिचारी उडी मारते नाहीतर पडते. मी यांना खाली बोलावून दोन्ही प्रकार करून दाखवले. ते बराच वेळ वाकून चेन बघत राहिले. "हां, म्हणजे तत्त्व वेगळं आहे," एवढंच म्हणाले. चूक झाली हे आमच्याकडे असंच म्हणतात.

रात्री जेवणाआधी लेकीने बेसमेंटच्या चढावर दहा-बारा चकरा मारल्या. हलके पाय, चढाच्या आधी गिअर, एका वेळी एकच बटण. चेन एकदाही पडली नाही. शेवटच्या चकरेला ती ओरडलीच, "आई, बसून आले, बसून!" मला इतका आनंद झाला की डोळ्यात पाणी आलं.

सकाळी मी दारात उभी होते. ती बूट घालताना खाली बघूनच म्हणाली, "काल तू टपरीमागे होतीस. स्कूटर दिसत होती."

मी उगाच तिचा डबा दप्तरात नीट सरकवला.

"मला वाटलं, आता येशील. चेन बसवायला." तिने नाडी घट्ट ओढली. "आज पण मागे येणार आहेस?"

"नाही."

"मग मी चढ बसून चढले की नाही, हे तुला कोण सांगणार?"

"तूच सांग."

"आणि ते तुला खरं वाटेल?"

"वाटेल," मी म्हटलं. तिने हेल्मेटचा पट्टा लावला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि जिन्याच्या वळणावरून परत एकदा मागे वळून बघितलं, मी चप्पल घालतेय का ते.